ग्रुपवर तीनदा विचारलं, उत्तर एकदाही नाही

*ताई, मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, वय 27. दीड वर्षापासून घरांवर सोलर बसवतो. गोव्यातल्या सोलरवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दोनशेच्या वर माणसं, त्यात वीस-पंचवीस वर्षं काम केलेले इंजिनियरही आहेत. माझ्या एका गिऱ्हाइकाचा इन्व्हर्टर दुपारी सारखा बंद पडतो. मी ग्रुपवर लिहिलं, "इन्व्हर्टर ग्रिड फॉल्ट दाखवून ट्रिप होतोय, काय करावं? अर्जंट." उत्तर नाही. मग व्हॉइस नोट टाकली. शेवटी इन्स्टॉलर पासवर्ड मागितला, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टेजची लिमिट वाढवता येईल. एकाने अंगठ्याचा इमोजी टाकला, बस. त्याच दिवशी दुसऱ्या एकाच्या प्रश्नाला सात उत्तरं आली. मी इंग्लिशमध्ये लिहीत नाही म्हणून असेल का? की धंद्यातले लोक मुद्दाम सांगत नाहीत? ग्रुपचा नाद सोडून एकेकाला फोन करू का?*

*– एक वाचक, डिचोली तालुका*

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आधी एक फोटो मागवला होता, आठवतं ना? इन्व्हर्टर बंद पडतो त्या क्षणी स्क्रीनवर जे दिसतं त्याचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही तो पाठवलात. त्यावर शब्द होते `Grid Overvoltage`. ग्रुपवर मात्र तुम्ही लिहिलं होतं "ग्रिड फॉल्ट".

तुम्हाला वाटलं असेल, दोन्ही एकच. तुम्ही समोर उभे होता, तुम्हाला माहीत होतं. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने "ग्रिड फॉल्ट" म्हणजे व्होल्टेज वाढलं, किंवा पडलं, किंवा लाइनच गेली, किंवा फ्रिक्वेन्सी हलली. या चौघांच्या वाटा वेगवेगळ्या. तुम्ही स्क्रीनवरचे शब्द आपल्या शब्दांत सांगितले आणि त्यातला जो एक शब्द कामाचा होता, तोच गळला. म्हणून पहिली गोष्ट ही की यंत्राचे शब्द जसेच्या तसे लिहा, स्पेलिंगसकट. भाषांतर करू नका, सोपं करू नका.

मी सोलरवाली नाही. माझी सगळी नोकरी कुंडईच्या बाजूच्या कारखान्यांत झाली, मेंटेनन्सला. तिथे पहिल्याच वर्षी एका रात्रपाळीत मी सीनियरना दोन वाजता झोपेतून उठवलं आणि सांगितलं, "सर, मोटर ट्रिप होतेय." ते म्हणाले, "बाय, ओव्हरलोडवर की अर्थ फॉल्टवर?" मी पाहिलंच नव्हतं. म्हणाले, "बघून ये, मी फोन धरतो." मी पॅनलपाशी गेले, रिलेवर कुठला फ्लॅग पडलाय तो पाहिला आणि तो पाहिल्यावर परत फोनशी जाऊन सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. त्या सीनियरसारखा फोन धरून बसणारा माणूस ग्रुपवर नसतो, एवढाच फरक.

आता ग्रुपवरच्या त्या पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे पाहू. तुमचा मेसेज आला दुपारी एक वाजता. तो त्या वेळी मडगावला कुणाच्या तरी कौलांवर आहे, घाम पुसतोय. मोबाइल वाजला, त्याने पाहिलं. त्याला तुमच्या प्रश्नाचं उत्तर येत नाही असं नाही, पण उत्तर द्यायला त्याला आधी सहा प्रश्न विचारावे लागतील. किती किलोवॅट? सिंगल फेज की थ्री? स्क्रीनवर काय येतं? कधी येतं? केबल किती लांब? व्होल्टेज मोजलं का? तुम्ही एकेकाचं उत्तर तासाभराने देणार, मधे कुणीतरी सणाच्या शुभेच्छांचे बारा फोटो टाकणार आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं प्रकरण त्याच्या गळ्यात. हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून तो मोबाइल खिशात ठेवतो. यात गर्व नाही, तुमच्याविषयी आकस नाही. उत्तर एका मिनिटात देता येईल असं त्याला दिसलं असतं तर त्याने तिथे उभ्या उभ्या दिलं असतं.

इंग्लिशचं म्हणाल, तर सात उत्तरं मिळालेला तो दुसरा प्रश्न तुम्ही मला पुढे पाठवलात हे बरं केलंत. तो रोमी लिपीत लिहिलेल्या कोंकणीत होता, इंग्लिशमध्ये नव्हताच. मराठीत आणला तर एवढाच: "थ्री फेज 10 किलोवॅट. इन्व्हर्टर बंद असतानाही आर 214, वाय 229, बी 256. कालपर्यंत ठीक होतं. न्यूट्रल सैल असेल का, कुठून तपासायला सुरुवात करू?" दोन ओळी. इन्व्हर्टर बंद ठेवूनही तीन फेजमध्ये इतका फरक, म्हणजे दोष सोलरचा नाही, हे वाचणाऱ्याला आकडे बघताक्षणी कळतं. त्या माणसाने पहिला फाटा स्वतः पार करून मग विचारलं. सात जणांना फक्त "हो, न्यूट्रलच, मीटरच्या आधीच्या जोडापासून बघ" एवढं म्हणायचं होतं, आणि एवढं म्हणायला सगळ्यांनाच आवडतं.

धंद्यातले लोक मुद्दाम सांगत नाहीत का, याला मी सरळ "नाही" म्हणणार नाही. एकाच तालुक्यात काम करणारी माणसं एकमेकांची स्पर्धकही असतात. किती दर लावला, कुठून माल घेतला, कुठल्या गावात चौकशी आहे, हे ग्रुपवर विचारलं तर शांतताच मिळेल आणि ते योग्यच आहे. पण दुपारी व्होल्टेज का वाढतं, हे सांगण्यात कुणाचं गिऱ्हाईक जात नाही.

खरी अडचण तुमच्या तिसऱ्या मेसेजमध्ये आहे. पासवर्डच्या. त्यावर थोडं थांबते, कारण अशी चूक करणारे तुम्ही एकटे नाही.

तुमचा प्रश्न होता: इन्व्हर्टर बंद का पडतो? तुम्ही मनात त्याचं उत्तर ठरवलं: लिमिट कमी आहे, ती वाढवली की झालं. आणि मग ग्रुपवर प्रश्न टाकला तो त्या ठरवलेल्या उत्तराविषयी: पासवर्ड काय? मूळ प्रश्न तुमच्याजवळच राहिला. जाणत्या माणसाने पाहिलं ते इतकंच की कुणीतरी अनोळखी मुलगा संरक्षणाचं सेटिंग बदलायचा पासवर्ड मागतोय. ती लिमिट उगाच ठेवलेली नसते. आपल्याकडे छपरावरच्या सोलरसाठीच्या नियमात व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या 110 टक्क्यांवर गेलं की 2 सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने लाइनपासून सुटलं पाहिजे असं आहे. सिंगल फेजला 230 चे 110 टक्के म्हणजे 253 व्होल्ट. पासवर्ड देणारा त्या छेडछाडीत भागीदार होतो आणि पुढे गिऱ्हाइकाचा फ्रिज जळाला तर त्याचंच नाव निघतं. म्हणून अंगठ्याच्या पुढे कुणी गेलं नाही. तो अंगठा बहुधा चुकून पडला असेल.

त्याऐवजी "दुपारी 253 ओलांडतं, का ओलांडत असेल?" असं विचारलं असतं, तर पासवर्डचा विषय निघालाच नसता.

मी तुम्हाला मग चार आकडे आणायला सांगितले: इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी व्होल्टेज, इन्व्हर्टर चालू असताना आणि बंद असताना. हे चारच का, ते सांगते. इन्व्हर्टरला वीज लाइनकडे ढकलायची असते. ढकलायची म्हणजे आपल्या टोकाला लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठेवायचं. मधल्या केबलला जेवढा रोध, तेवढं जास्त. ऊन कडक, प्रवाह मोठा, म्हणून दुपारी ही वाढ सगळ्यात जास्त. ढग असले की प्रवाह कमी, वाढ कमी, इन्व्हर्टर गप चालतो. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलं होतं की पावसात तक्रार नव्हती, ऑक्टोबरची उन्हं पडली आणि सुरू झालं. हे वाक्य ग्रुपवर गेलं असतं तर अर्ध्या जणांना तेवढ्यावरच वास आला असता.

म्हणजे संशयित दोन. एक, बाहेरून येणारी लाइनच जास्त व्होल्टेजची आहे. दोन, आपली केबल बारीक किंवा लांब आहे, नाहीतर तिचा जोड सैल आहे. इन्व्हर्टर बंद केल्यावरही मीटरपाशी 250 दिसत असेल तर लाइन. बंद केल्यावर 240 च्या आसपास आणि चालू असताना दोन टोकांत मोठा फरक, तर केबल. हे ठरवायला चार आकडे पुरतात आणि मोजायला अर्धा तास.

मोजताना तुमच्याकडून एक चूक झाली, ती सांगते, कारण ती सर्रास होते. पहिल्या वेळी तुम्ही इन्व्हर्टरपाशी मोजलंत, मग चालत गेटपर्यंत जाऊन मीटरपाशी मोजलंत. मधे दोन मिनिटं गेली. तेवढ्यात शेजारच्या कुळागरातला पंप बंद झाला असेल, लाइन चार व्होल्ट वर गेली असेल. तुमचा फरक 4 निघाला, आणि तो खोटा होता. दोन माणसं, दोन मल्टिमीटर, फोनवर एकमेकांना "आता" म्हणत एकाच क्षणी वाचायचं. त्याआधी दोन्ही मीटर एकाच टर्मिनलवर लावून बघायचे, सारखं दाखवतात का. स्वस्त मीटर 240 वर दोन-अडीच व्होल्ट इकडेतिकडे सहज करतो आणि इथे आपण थोड्याच व्होल्टच्या फरकाच्या मागे आहोत. मोजणं एसी बॉक्समधल्या एमसीबीच्या टर्मिनलवर, इन्व्हर्टर न उघडता. चालू लाइनवरचं काम आहे, मीटर कॅट-थ्री 600 व्होल्टचा हवा, हात कोरडे हवेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसऱ्या खेपेला तुम्ही भावाला घेऊन गेलात आणि आकडे असे आले. इन्व्हर्टर बंद: दोन्हीकडे 241. इन्व्हर्टर चालू, 12:40 ला, अ‍ॅपवर 4.9 किलोवॅट: मीटरपाशी 244, इन्व्हर्टरपाशी 252.

आता गणित. 4.9 किलोवॅटला 252 व्होल्टने भागलं की साडेएकोणीस, धरा 20 अँपियर. तुमची केबल 4 स्क्वेअर मिमी तांब्याची, इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत 40 मीटर. जायची एक तार, यायची एक, म्हणजे 80 मीटर. या जाडीच्या तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण 4.6 ओहम, उन्हात तापल्यावर 5 धरू. 80 मीटरला 0.4 ओहम. गुणिले 20, आठ व्होल्ट. तुम्ही मोजलेला फरकही आठच.

हे जुळणं महत्त्वाचं. गणिताने आठ आणि मीटरने पंधरा आले असते तर केबल बदलून काही झालं नसतं. मग कुठलातरी जोड सैल किंवा गंजलेला शोधावा लागला असता, आणि आपल्या हवेत तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा उघडा जोड दोन पावसाळ्यांत गंजतो. हात लावण्याआधीच रंग गेलेला, इन्सुलेशन कडक झालेलं दिसतं. तुमच्या बाबतीत जोड ठीक आहेत, केबलच बारीक आहे. 10 स्क्वेअर मिमी घातली तर ती आठाची वाढ तीनच्या आसपास येते, इन्व्हर्टरपाशी 247 दिसतील आणि 253 पर्यंत श्वास घ्यायला जागा राहते. आज 252 वर तुम्ही कड्याच्या टोकावर आहात. शेजारचा एक पंप बंद झाला की पडलात. आणि लिमिट वाढवली असती तरी 20 अँपियर गुणिले 8 व्होल्ट, म्हणजे 160 वॅट रोज दुपारी केबल तापवण्यात जातच राहिले असते.

मी हे पत्रातूनच का ओळखलं नाही, किंवा ग्रुपवर कुणी का ओळखलं नाही? कारण 4 स्क्वेअर मिमी हा आकडा तुम्ही कुठेच लिहिला नव्हता. ना तीन मेसेजमध्ये, ना मला. मी विचारलं तेव्हा थोडं थांबून सांगितलंत. ती केबल तुम्हीच घातली होती, गिऱ्हाइकाने खर्च कमी करा म्हणून सांगितलं होतं, आणि दोनशे लोकांसमोर ते लिहायला जड गेलं. हे मला समजतं. पण वीस वर्षांवाल्या प्रत्येकाने केव्हातरी बारीक केबल घातलेली आहे. ग्रुपवर प्रश्न विचारताना जो तपशील लपवावासा वाटतो, तो बहुतेक वेळा उत्तरापाशी नेणारा असतो. तो पहिल्या दोन ओळींत टाका. हवं तर "ही केबल मीच घातली" असंही लिहा. त्यावर टोमणा मारणारा एखादा निघेल, पण उत्तर देणारे चार निघतील.

मग आता ग्रुपवर विचारायचं काय उरलं? उरलंय, आणि ते खरंच त्यांनाच विचारण्यासारखं आहे. घराची रचना तुम्ही सांगितलीत. मीटर पुढे बाल्कांवाशेजारी, इन्व्हर्टर मागच्या गच्चीच्या जिन्याखाली. एक वाट, केबल जाड करायची. दुसरी वाट, इन्व्हर्टरच उचलून मीटरजवळ आणायचा आणि लांबलचक तार डीसीची करायची. दहा पॅनलची एक स्ट्रिंग, साधारण 400 व्होल्ट, 13 अँपियर. त्या बाजूला थोडं व्होल्टेज पडलं तरी इन्व्हर्टर ट्रिप होत नाही. पण 40 मीटर डीसी घराच्या भिंतीवरून न्यायची, पावसात, उंदरांत, हे बरं का वाईट, याचा अनुभव मला नाही. ग्रुपवर आहे. म्हणून प्रश्न असा टाका, एकाच मेसेजमध्ये:

"5 किलोवॅट सिंगल फेजला दुपारी `Grid Overvoltage`. केबल जाड करू की इन्व्हर्टर मीटरजवळ आणू?

इन्व्हर्टर ते मीटर 40 मीटर, 4 स्क्वेअर मिमी तांबं (मीच घातली). कडक उन्हात 11:30 ते 2:30, ढगाळ दिवशी नाही. पावसाळ्यात तक्रार नव्हती.
इन्व्हर्टर बंद: मीटर 241, इन्व्हर्टर 241.
चालू, 4.9 किलोवॅट: मीटर 244, इन्व्हर्टर 252. (दोन मल्टिमीटर, एकाच वेळी)
गणिताने केबलमधली वाढ 8 व्होल्ट येते, म्हणजे जोड ठीक वाटतात.
10 स्क्वेअर मिमी घातली तर 247 वर येईल असं वाटतं. पण इन्व्हर्टर हलवून 40 मीटर डीसी (दहा पॅनल, एक स्ट्रिंग) नेणं कुणी केलंय का? जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतीवरून न्यावी लागेल. शनिवारी काम करणार आहे."

पहिली ओळ बघा. "नमस्कार सर, एक शंका होती" नाही. मोबाइल वाजतो तेव्हा वरून पहिल्या ओळीचे थोडेच शब्द दिसतात, आणि त्या शब्दांवर माणूस ठरवतो की उघडू का. नमस्कार शेवटी करा, चालेल. "अर्जंट" काढून टाकलं आणि शनिवार घातला. अर्जंट सगळेच लिहितात, त्यामुळे त्याचा अर्थ उरलेला नाही. शनिवार म्हटलं की समोरच्याला कळतं, आज रात्री जमलं तर बरं. तुम्ही काय केलं, काय निघालं, तेही लिहिलंय, म्हणजे "आधी व्होल्टेज मोज" असं सांगण्यात कुणाचा वेळ जाणार नाही. आणि शेवटी ज्यावर मत हवं तो निर्णय दोन वाटांत मांडलाय. "काय करावं?" याला उत्तर द्यायला निबंध लागतो. "हे करू की ते?" याला एक शब्द पुरतो, आणि एक शब्द लिहिणारा बहुधा मागोमाग कारणही लिहितो.

सोबत एकच चित्र द्या: अ‍ॅपमधला त्या दिवसाचा निर्मितीचा आलेख. इन्व्हर्टर बंद पडतो, थोडा वेळ थांबून लाइन तपासतो, परत जुळतो, परत पडतो. त्यामुळे दुपारचा आलेख कंगव्यासारखा दिसतो. जाणत्याला तो कंगवा पाहून अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. पण इन्व्हर्टरचा सिरियल नंबर, स्टिकरवरचा क्यूआर, गिऱ्हाइकाचं नाव आणि वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक चित्रात येऊ देऊ नका. त्या माणसाने त्याच्या घराची माहिती तुमच्यावर विश्वासून दिलीय, दोनशे जणांना नव्हे. मेक आणि मॉडेल मात्र लिहा. इथे छापायचं नाही म्हणून मी वगळलंय.

व्हॉइस नोट नको. तुमची पावणेतीन मिनिटांची होती, मी दोनदा ऐकली, आणि आकडे कागदावर उतरवून घ्यायला तिसऱ्यांदा ऐकावी लागली. मी घरी बसून ऐकली. कौलांवरचा माणूस ऐकणार नाही. शिवाय पुढच्या वर्षी पेडण्यातल्या कुणाला हाच त्रास झाला आणि त्याने ग्रुपवर `Grid Overvoltage` शोधलं, तर लिहिलेलं सापडेल, बोललेलं नाही. वेळ रात्री आठ-साडेआठची ठेवा. दुपारी ही सगळी मंडळी छपरांवर असतात, हे तुम्हीही जाणता, कारण तुम्हीही तिथेच असता.

एकेकाला फोन करण्याचं म्हणाल तर सरसकट नको. फोनवर विचारलं की समोरच्या एकट्यावर जबाबदारी येते, तो चुकला तर दुरुस्त करायला दुसरा नसतो, आणि तोच प्रश्न त्याला महिन्यात पाच जण विचारतात. ग्रुपवर एकाने "16 घाल" म्हटलं तर दुसरा म्हणेल, "एवढी नको, टर्मिनलमध्ये बसणार नाही." ही दुरुस्ती फोनवर मिळत नाही. फोन दोनच ठिकाणी करा. जिथे धोका आहे, म्हणजे जळका वास, ठिणगी, बॉडीला करंट: तिथे आधी यंत्रणा बंद करून मग ओळखीच्या सीनियरला फोन, ग्रुप वगैरे नंतर. आणि इन्व्हर्टरच्या आतला दोष वाटत असेल तर कंपनीच्या सर्व्हिसला, कारण वॉरंटीत असताना ग्रुपच्या सल्ल्याने स्क्रू उघडलात तर ती वॉरंटी गेली. तुमच्या बाबतीत दोन्ही नाही.

मीटरपाशी इन्व्हर्टर बंद असताना 250 आले असते, तर प्रश्न ग्रुपचाही नव्हता. तेव्हा तारीख, वेळ आणि आकडे लिहून गिऱ्हाइकाच्या नावाने वीज खात्याकडे अर्ज करावा लागतो. ट्रान्सफॉर्मरवरचा टॅप तुम्ही-मी फिरवू शकत नाही.

उत्तरं येतील तेव्हा पहिल्याला लगेच "थँक्यू सर, समजलं" म्हणून विषय मिटवू नका. कुणी विचारलं, "मीटर ते खांबापर्यंतची वायर कोणती?" तर राग मानू नका, तुमचा आकडा त्याने नीट वाचलाय याची ती खूण आहे. 241 चे मीटरपाशीच 244 झालेत, म्हणजे तीन व्होल्ट त्या बाहेरच्या वायरमध्येही वाढतात, आणि मी ते मुद्दाम सोडून दिलंय. कुणीतरी पकडेलच. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही, उद्या बघून सांगतो" म्हणा आणि खरंच उद्या सांगा.

गिऱ्हाइकाकडून नव्या केबलचे पैसे घ्यायचे की स्वतः सोसायचे, हे तुम्ही मला शेवटच्या निरोपात विचारलंत. तुम्ही बारीक केबलच्या धोक्याची कल्पना त्याला तेव्हा दिली होती का, यावर ते ठरेल. दिली नसेल तर माल अर्धा-अर्धा आणि मजुरी तुमची, हे मला रास्त वाटतं. पण हा प्रश्न ग्रुपवर टाकू नका, तिथे तुमचा तालुका वाचतोय.

काम झालं की तीन कडक उन्हाचे दिवस जाऊ द्या. चौथ्या दिवशी पुन्हा दोघं मिळून तेच चार आकडे मोजा आणि ते ग्रुपवर टाका, नवा मेसेज म्हणून नाही, तुमच्या मूळ प्रश्नालाच रिप्लाय करून, म्हणजे प्रश्न आणि निकाल एकत्र सापडतील. आकडा 247 ऐवजी 249 आला तरी तोच लिहा.